क्रॉम्प्टन निफ्टी नेक्स्ट ५० मध्ये जाते तेव्हा

नगरच्या नागापूर एमआयडीसीत विजेच्या मोटरी बनवणारा एक जुना कारखाना आहे. गावात त्याला अजून ‘क्रॉम्प्टन’च म्हणतात. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, कंपनीचंही नाव २०१७ मध्ये बदलून सीजी पॉवर अँड इंडस्ट्रियल सोल्यूशन्स झालं, पण बोलण्यातली नावं इतक्या लवकर बदलत नाहीत. ही कंपनी २०१९ मध्ये हिशेबातल्या घोटाळ्यामुळे पार खचली होती. २०२० मध्ये तिचा शेअर दहा रुपयांच्याही खाली मिळत होता. त्या वर्षाच्या अखेरीस मुरुगप्पा समूहाच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने ती ताब्यात घेतली, कर्ज फेडलं, कारभार रुळावर आणला आणि पुढच्या चार-साडेचार वर्षांत शेअर सहाशेच्या आसपास पोचला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५ रोजी एनएसईच्या निर्देशांक कंपनीने सहामाही फेरबदलाची यादी जाहीर केली आणि निफ्टी नेक्स्ट ५० मध्ये येणाऱ्या सात कंपन्यांत सीजी पॉवरचं नाव होतं. बदल लागू होणार होता २८ मार्चला, म्हणजे प्रत्यक्षात गुरुवार, २७ मार्चचा बाजार बंद होताना. मधे बाजाराचे २२ दिवस होते. अशी घोषणा झाली की बरेच जण सोमवारी सकाळी शेअर घ्यायला धावतात. इंडेक्स फंडांना हा शेअर आता घ्यावाच लागणार, त्यामुळे भाव चढणार, मग आपण आधीच घेऊन ठेवू, असा तो विचार. विचार मुळात खोटा नाही, पण त्यात तीन हिशेब राहून जातात. खरेदी किती होणार, ती कधी होणार, आणि आपल्याआधी तिथे किती जण उभे आहेत. हे तिन्ही हिशेब या एकाच शेअरवर करून बघू.

आधी खरेदी सक्तीची का असते ते पाहू. निफ्टी नेक्स्ट ५० चा इंडेक्स फंड चालवणाऱ्या व्यवस्थापकाला शेअर स्वस्त आहे की महाग याच्याशी देणंघेणं नसतं. निर्देशांकाने १२ टक्के दिले तर आपल्या फंडानेही जवळपास तेवढेच द्यावेत, यावर त्याचं मोजमाप होतं. निर्देशांकात नवा शेअर ज्या भावाने धरला जातो, त्याच भावाला त्याने तो घेतला तर फरक शून्य. दोन दिवस आधी घेतला आणि भाव पडला तर त्याचा फंड निर्देशांकापेक्षा मागे पडतो, आणि त्याची विचारणा त्यालाच होते. म्हणून फेरबदलाची बहुतेक खरेदी शेवटच्या दिवशी, बंद भावाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ जाऊन होते. एनएसईवर मार्च २०२५ मध्ये बंद भाव म्हणजे दुपारी ३ ते ३.३० या अर्ध्या तासातल्या सौद्यांची उलाढालीनुसार काढलेली सरासरी. त्यामुळे २७ मार्चला फंडांच्या ऑर्डरींचा लोंढा याच अर्ध्या तासात येणार, हे पाच आठवडे आधीपासून ठरलेलं होतं. या खरेदीसाठी पैसे त्याच दिवशी बाहेर जाणारे शेअर विकून उभे राहतात. त्या वेळी नेक्स्ट ५० मधून अदानी टोटल गॅस, भेल, आयआरसीटीसी, जिओ फायनान्शियल, एनएचपीसी, युनियन बँक आणि झोमॅटो हे सात बाहेर पडत होते.

आता खरेदी किती, हा पहिला हिशेब. निर्देशांकात कंपनीचं वजन तिच्या एकूण बाजारमूल्यावर ठरत नाही. प्रवर्तकांकडचे शेअर सोडून जे बाजारात फिरू शकतात त्यांच्या मूल्यावर ते ठरतं. त्याला फ्री फ्लोट म्हणतात. सीजी पॉवरचे तेव्हा सुमारे १५२.९ कोटी शेअर होते आणि त्यातले जवळपास ५८ टक्के प्रवर्तकांकडे. उरले ४२ टक्के. भाव सोयीसाठी ६०० रुपये धरला तर कंपनीचं एकूण मूल्य साधारण ९१,७०० कोटी आणि फ्री फ्लोट सुमारे ३८,५०० कोटी होतं. पन्नासही शेअरांच्या फ्री फ्लोटची बेरीज २५ लाख कोटी मानू. म्हणजे सीजी पॉवरचं वजन झालं दीड टक्क्याच्या किंचित वर, १.५४ टक्के.

या निर्देशांकाच्या मागे चालणाऱ्या सगळ्या फंडांत आणि ईटीएफमध्ये मिळून किती पैसा आहे, हे फंड घराण्यांच्या मासिक पत्रकांतून बेरीज करून काढता येतं. इथे हिशेबाची रीत कळावी म्हणून गोल आकडा घेऊ, ३०,००० कोटी. त्याचे १.५४ टक्के म्हणजे ४६२ कोटी. ६०० च्या भावाने ते ७७ लाख शेअर झाले. पुढे रोजची उलाढाल हवी. सरासरी दिवसाला ३५ लाख शेअर हात बदलतात असं मानलं, तर ७७ लाख म्हणजे दोन दिवसांहून थोडी जास्त उलाढाल झाली.

दलाली पेढ्यांच्या टिपणांत आणि वाहिन्यांवर फिरणारा आकडा बहुतेक वेळा एवढ्यावरच थांबतो. पण सीजी पॉवर नेक्स्ट ५० मध्ये आली ती कुठून, हे पाहिलं नाही तर हिशेब अर्धाच राहतो. निफ्टी १०० मध्ये पहिल्या शंभरातल्या कंपन्या असतात. निफ्टी ५० आणि नेक्स्ट ५० मिळून तो होतो. त्याच्या खालच्या दीडशे कंपन्यांचा निफ्टी मिडकॅप १५० असतो. एक कंपनी एकाच वेळी दोन्हीकडे राहू शकत नाही. म्हणून सीजी पॉवर वर चढली त्याच दिवशी ती मिडकॅपमधून उतरली, आणि मिडकॅप १५० च्या मागे चालणाऱ्या फंडांना ती विकावी लागली. त्या फंडांत १२,००० कोटी आणि त्यांत सीजी पॉवरचं वजन दीड टक्का मानलं, तर विक्री झाली १८० कोटींची, म्हणजे ३० लाख शेअरांची. ७७ लाखांतून ३० लाख गेले, उरले ४७ लाख. दोन दिवसांहून जास्त वाटणारी मागणी सव्वा ते दीड दिवसावर आली.

हे वजा करणं किती महत्त्वाचं आहे ते त्याच यादीतल्या झोमॅटोवरून दिसतं. झोमॅटो आणि जिओ फायनान्शियल त्याच दिवशी निफ्टी ५० मध्ये जाणार होते, ब्रिटानिया आणि भारत पेट्रोलियमच्या जागी. निफ्टी ५० मागचा पैसा प्रचंड आहे. भविष्य निर्वाह निधीचा पैसाही ईटीएफमार्फत त्यात येतो, आणि एकट्या एसबीआयच्या निफ्टी ५० ईटीएफमध्येच त्या सुमारास २ लाख कोटींच्या घरात रक्कम होती. म्हणजे सक्तीची खरेदी मोठी होती यात वाद नाही. पण झोमॅटो तोवर नेक्स्ट ५० मध्ये वजनदार होता आणि नेक्स्ट ५० चे फंड तो पूर्ण विकणार होते. शिवाय निफ्टी ५० मध्ये जायचं तर शेअर वायदा बाजारात असावा लागतो, आणि झोमॅटो व जिओ तिथे २९ नोव्हेंबर २०२४ पासून आले होते. अंदाज बांधणाऱ्यांना तेव्हापासूनच ही दोन नावं पाठ होती. घोषणेच्या दिवशी झोमॅटो २३० च्या आसपास होता आणि मार्च संपताना २०० च्या जवळ. त्याच काळात निफ्टी २२,७९६ वरून २७ मार्चला २३,५९२ वर चढला होता. बाजार वर गेला, निफ्टीत जाणारा शेअर मात्र खाली आला.

पुढचा प्रश्न, ४७ लाख शेअरांच्या जादा मागणीने भाव किती हलेल. याचं नेमकं उत्तर कुणाकडेच नसतं. पण मोठ्या ऑर्डरी हाताळणारे लोक एक ढोबळ नियम वापरतात. मागणी रोजच्या उलाढालीच्या किती पट आहे ते बघायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि शेअरच्या रोजच्या सरासरी चढउताराने गुणायचं. ४७ ला ३५ ने भागलं तर १.३४, त्याचं वर्गमूळ १.१६. सीजी पॉवर दिवसाला साधारण २.३ टक्के हलतो असं मानलं, तर उत्तर २.७ टक्के येतं. मागणी दुप्पट झाली म्हणून परिणाम दुप्पट होत नाही, हे वर्गमूळ सांगतं. मिडकॅपची विक्री वजा केली नसती तर उत्तर ३.४ टक्के आलं असतं, म्हणजे शेअरांच्या संख्येत मोठी चूक होऊनही टक्क्यांत ती पाऊण टक्क्याचीच राहते. पण नफाच जिथे दोन-तीन टक्क्यांचा आहे, तिथे पाऊण टक्का फार मोठा आहे.

या २.७ टक्क्यांचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. सक्तीच्या खरेदीपोटी भावात जी भर पडायची, तिची ही एकूण अंदाजी रक्कम आहे. ती नेमकी कोणत्या दिवशी पडेल हे यात येत नाही. फेब्रुवारीतच लोकांनी अंदाजावर घेऊन ठेवलं असेल तर ती तेव्हाच पडून गेलेली असते. मग २७ मार्चला फंड खरेदी करतात आणि आधी घेतलेले त्यांना विकतात, आणि भाव जागच्या जागी राहतो. त्यामुळे शिरण्याची वेळ ठरवताना विचारायचा प्रश्न एकच असतो, या रकमेतलं किती शिल्लक आहे?

यादी कशी ठरते याचे नियम उघड आहेत. ३१ जानेवारी आणि ३१ जुलै या तारखांपर्यंतच्या सहा महिन्यांच्या सरासरी आकड्यांवर ती होते. निफ्टी १०० साठी ढोबळमानाने असं, की बाहेरची कंपनी एकूण बाजारमूल्याच्या क्रमवारीत पहिल्या ९० मध्ये आली तर ती आत येते आणि आतली ११० च्या खाली घसरली तर बाहेर जाते. मधली वीस जागांची पट्टी यासाठी ठेवली आहे की काठावरच्या कंपन्यांची दर सहा महिन्यांनी ये-जा होऊ नये. ज्याला एक्सेल येतं तो ३१ जानेवारीच्या रात्री ही यादी मांडू शकतो, आणि पेढ्यांचे विश्लेषक ती मांडून प्रसिद्धही करतात. सीजी पॉवरसारखी कंपनी क्रमवारीत बरीच वर असेल तर घोषणा म्हणजे ठरलेल्या गोष्टीवर शिक्कामोर्तब. जी कंपनी ८८ व्या की ९३ व्या क्रमांकावर आहे हे सांगता येत नाही, तिची घोषणा ही खरी बातमी असते. भाव तिथेच जास्त हलतो.

त्यामुळे शिरायला तीन वेळा मिळतात, आणि तिन्हींचा धोका वेगळा आहे. पहिली ३१ जानेवारीनंतर, घोषणेच्या आधी. इथे रक्कम जास्त शिल्लक असते, पण अंदाज चुकला तर सक्तीची खरेदीच येत नाही, आणि आपल्यासारखेच अंदाजाने शिरलेले सगळे एकदम बाहेर पडतात. दुसरी वेळ घोषणेनंतरची पहिली सकाळ. ही मला तिन्हींत सर्वांत वाईट वाटते. शुक्रवारी संध्याकाळी यादी आली, शनिवार-रविवार सगळ्यांनी वाचली, आणि सोमवारी सव्वानऊला ज्यांना घ्यायचं आहे ते सगळे एकाच वेळी खिडकीशी असतात. भाव वरच उघडतो आणि पहिल्या पंधरा मिनिटांत घेणारा बहुतेक वेळा दिवसातला महागडा भाव मोजतो. तिसरी वेळ मधल्या आठवड्यांची. घोषणेची धांदल ओसरलेली असते, फंडांची खरेदी अजून लांब असते आणि बाजार स्वतःच्या कारणांनी खालीवर होत असतो. २०२५ मध्ये तसंच झालं. निफ्टी ४ मार्चला २२,०८३ पर्यंत घसरला आणि नंतर चढला. तीन दिवस थांबलेल्या माणसाला त्या पडझडीत सवड मिळाली.

शिल्लक मोजायची रीत सोपी आहे, फक्त एक पथ्य पाळावं लागतं. शेअरचा भाव किती चढला हे न बघता तो आपल्या निर्देशांकापेक्षा किती जास्त चढला हे बघायचं. ३१ जानेवारीचा बंद भाव आणि त्याच दिवशीचा नेक्स्ट ५० चा आकडा लिहून ठेवायचा. समजा आपण घ्यायच्या दिवशी शेअर तेव्हापेक्षा १ टक्का खाली आहे आणि निर्देशांक ३ टक्के खाली. म्हणजे शेअर तुलनेने २ टक्के पुढे आहे. २.७ पैकी २ टक्के पडून गेले, उरला पाऊण टक्का. भाव पडलेला दिसतो म्हणून स्वस्त वाटतो, पण या सौद्यासाठी तो स्वस्त नाही. याउलट शेअर आणि निर्देशांक बरोबरीने पडले असतील तर पूर्ण रक्कम अजून शिल्लक आहे. माझ्या मते निम्म्याहून जास्त रक्कम शिल्लक असल्याशिवाय या सौद्यात हात घालू नये. कारण खर्च आणि कर.

तो हिशेबही समोर ठेवू. ६०० रुपयांनी २०० शेअर घेतले, १,२०,००० रुपये गुंतले. ३ टक्के चढून ६१८ ला विकले तर ३,६०० रुपये सुटले. डिलिव्हरीच्या सौद्यात खरेदी आणि विक्री दोन्हीकडे ०.१ टक्का एसटीटी लागतो, तो झाला २४४ रुपये. मुद्रांक शुल्क, एक्स्चेंजचे आकार, डीमॅटमधून शेअर निघताना लागणारं शुल्क, जीएसटी असे आणखी साधारण ४५-५०. दलाली शून्य धरली तरी खर्च तीनशेच्या आसपास गेला. वर्षाच्या आतला नफा म्हणून त्यावर २० टक्के कर आणि उपकर, आणि करासाठी नफा मोजताना एसटीटी वजा करू देत नाहीत. कराचे ७४० धरले तर हातात सुमारे २,५७० उरतात. ३ टक्क्यांचे दोन टक्क्यांहून थोडे जास्त झाले. शिल्लक पाऊण टक्क्यावर आली असेल तर खर्च आणि कर जाऊन उरणारी रक्कम त्या जोखमीला पुरेशी नसते.

आता बाहेर पडण्याचे नियम. या सौद्यात ते शिरण्याआधी कागदावर लिहिलेले हवेत, कारण सौद्याला जन्मतःच शेवटची तारीख आहे. २७ मार्चनंतर सक्तीचं गिऱ्हाईक उरत नाही. ज्या कारणाने शेअर घेतला ते कारण त्या दुपारी साडेतीनला संपतं. त्यानंतर शेअर ठेवायचा तर कंपनीच्या मोटरी, ट्रान्सफॉर्मर, सेमीकंडक्टरचा नवा उद्योग हे सगळं अभ्यासून, वेगळ्या हिशेबाने ठेवायचा. ‘कंपनी चांगलीच आहे, राहू दे’ हे वाक्य तोट्यातल्या सौद्यावर फार वेळा ऐकू येतं.

तारखेचा नियम असा. निम्मे शेअर शेवटच्या दोन दिवसांत, फंडांच्या आधी विकायचे, आणि निम्मे शेवटच्या अर्ध्या तासात, फंडांना. सगळेच शेवटच्या अर्ध्या तासासाठी का ठेवायचे नाहीत? कारण त्या अर्ध्या तासात फक्त खरेदीदार येत नाहीत. पाच आठवडे याच क्षणासाठी शेअर जमवून बसलेले मोठे खेळाडूही तेव्हाच विकायला येतात. त्यांनी जमवलेला माल फंडांच्या मागणीपेक्षा जास्त असेल तर प्रचंड उलाढाल होऊनही भाव खाली येतो. हे तिथे बसून बघितलं की पटतं. तीन वाजेपर्यंत CGPOWER च्या पडद्यावर दर मिनिटाला जेवढे शेअर जातात, त्याच्या कित्येक पट तीननंतर जाऊ लागतात. विक्रीच्या बाजूला पाच भावांवर मांडलेले आकडे मिनिटामिनिटाला खाल्ले जातात आणि पुन्हा भरतात. खाल्ले जाण्याचा वेग भरण्यापेक्षा जास्त असेल तर भाव वर सरकतो, तेव्हा थोडे थोडे विकायचे. आकडे खाल्ले जाऊनही विक्रीची भिंत तिथेच उभी राहत असेल तर माल जास्त आहे, मग उरलेले सगळे लगेच द्यायचे. आपले शंभर-दोनशे शेअर त्या लोंढ्यात कुणाला दिसतही नाहीत, हा छोट्या माणसाचा फायदा आहे. मोठ्या फंडाला तो नाही.

भावाचा नियम तोट्यासाठी. समजा एका सौद्यात सव्वापाच हजारांच्या वर जायला द्यायचं नाही असं ठरवलं. ४ टक्के खाली, ५७६ ला बाहेर पडायचं असेल तर एका शेअरमागे २४ रुपये जातात. २०० शेअरांवर तोटा ४,८०० आणि वर खर्च, म्हणजे ५,१०० च्या जवळपास. शेअरांची संख्या अशी तोट्याकडून ठरवायची, खात्यात किती पैसे पडून आहेत यावरून नाही. आणि इथे एक कटू गोष्ट दिसते. जिंकलं तर खर्च जाऊन ३,३००, हरलं तर ५,१००. नुसतं बरोबरीत राहायला दहातले सहाहून जास्त सौदे जिंकावे लागतात. स्टॉपलॉस २ टक्क्यांवर आणला तर गणित सुंदर दिसतं, पण जो शेअर रोजच २.३ टक्के हलतो तो साध्या मंगळवारीसुद्धा आपल्याला बाहेर काढेल. म्हणून उपाय स्टॉपलॉस जवळ आणण्यात नाही, अपेक्षित रक्कम मोठी असलेल्या जागा निवडण्यात आहे. निव्वळ मागणी चार-पाच दिवसांच्या उलाढालीइतकी असेल, शेअर फारसा धावलेला नसेल, तिथेच हा सौदा जमतो. सीजी पॉवरचं उदाहरण या मापाने काठावरचं आहे, आणि बहुतेक उदाहरणं अशीच काठावरची असतात.

पूर्वी तशी नव्हती. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या रॉबिन ग्रीनवुड आणि मार्को सॅमन यांनी अमेरिकेच्या एसअँडपी ५०० मध्ये शिरणाऱ्या कंपन्यांचा अभ्यास केला आहे. १९९० च्या दशकात शिरणाऱ्या शेअरांत बाजारापेक्षा सरासरी ७.४ टक्के जास्तीची वाढ व्हायची. गेल्या दशकात ती १ टक्क्याच्याही खाली आली. इंडेक्स फंडांतला पैसा तर अनेक पटींनी वाढला, मग परिणाम कमी का झाला? त्यांच्या उत्तरातला एक भाग आपण सीजी पॉवरमध्ये पाहिला तोच आहे. शिरणाऱ्या बऱ्याच कंपन्या मिडकॅप निर्देशांकातून बढती घेऊन येतात, आणि तिकडचे फंड विकतात. दुसरा भाग असा, की याद्यांचा अंदाज सगळ्यांनाच येऊ लागला. मोठे अपवाद अजून घडतात. टेस्लाची घोषणा १६ नोव्हेंबर २०२० ला झाली आणि २१ डिसेंबरला ती आत येईपर्यंत शेअर सुमारे ७० टक्के चढला. पण ती इतकी अवाढव्य कंपनी मिडकॅपमधून न येता थेट शिरत होती, म्हणजे समोरून सक्तीने विकणारा कुणीच नव्हता.

सीजी पॉवरच्याच बाबतीत निर्देशांकात शिरण्याची वेळ एकदा आधीही येऊन गेली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये एमएससीआयने बँक ऑफ बडोदा आणि सीजी पॉवर यांना आपल्या भारतीय निर्देशांकात घेतलं, बायोकॉनला काढलं, आणि बदल २८ फेब्रुवारीच्या बंद भावाला लागू झाला. एमएससीआयच्या मागे परदेशी पैसा असतो आणि त्याचे फेरबदल वर्षातून चार वेळा होतात. घोषणा आणि अंमल यांत फक्त अडीच-तीन आठवडे असतात, म्हणून मधल्या आठवड्यांत थांबून शिरायची सवड तिथे कमी मिळते. त्याच फेरबदलात एमएससीआयने अदानी समूहातल्या काही शेअरांचा फ्री फ्लोट कमी धरला. ते शेअर निर्देशांकात राहूनही फंडांना विकावे लागले. यादीत फक्त आत-बाहेरचे तक्ते वाचून पुरत नाही, वजनातले बदलही वाचावे लागतात, ते याचसाठी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची ती तारखेबद्दल. फेरबदलाची तारीख सहसा हलत नाही, पण हललेली आहे. रिलायन्समधून वेगळी झालेली जिओ फायनान्शियल २१ ऑगस्ट २०२३ ला बाजारात आली. ती तिसऱ्या दिवसानंतर निर्देशांकांतून निघायची होती. इंडेक्स फंड विकणार हे ठाऊक असल्याने घेणाराच उरला नाही, शेअर सलग लोअर सर्किटला लागत गेला, आणि नियमानुसार ती वगळण्याची तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली. फंडांच्या आधी विकू म्हणणाऱ्यांनाही विकता आलं नाही, कारण सर्किटला खरेदीच्या बाजूला शून्य असतं. वायदा बाजारात असलेल्या शेअरांना असं ठरावीक सर्किट नसतं. सीजी पॉवर नोव्हेंबर २०२४ पासून तिथे आहे, त्यामुळे तिच्यात ही विशिष्ट कोंडी होणार नव्हती. नव्याने आलेल्या किंवा वायद्यात नसलेल्या शेअरमध्ये ती होऊ शकते, आणि तिथे स्टॉपलॉसचा आकडा कागदावरच राहतो.

कायद्याची बाजूही माहीत असावी. niftyindices.com वर सर्वांसाठी लागलेल्या यादीवर सौदा करणं पूर्ण वैध आहे. स्वतः आकडे मांडून आधी अंदाज बांधणंही वैध. पण कोणत्या फंडाची किती शेअरांची ऑर्डर कधी येणार, हे फंडाच्या किंवा दलालाच्या आतल्या माणसाकडून कळलं आणि त्यावर सौदा केला, तर ते फ्रंट रनिंग होतं. सेबी त्यासाठी नफा काढून घेते, दंड करते आणि बाजारातून बंदीही घालते. ‘आतून पक्कं कळलंय’ असा निरोप मोबाइलवर आला तर तो खोटा असो की खरा, दोन्ही बाजूंनी नुकसानीचाच आहे.

फेब्रुवारीची यादी चुकली तर पुढची ऑगस्टमध्ये येते, ३१ जुलैपर्यंतच्या आकड्यांवर, आणि सप्टेंबरअखेर लागू होते. तयारी जुलैत सुरू करायची. निफ्टी १०० च्या बाहेरच्या वरच्या वीस कंपन्या घ्यायच्या, प्रत्येकीचा क्रमांक, फ्री फ्लोट आणि रोजची सरासरी उलाढाल लिहायची. पुढचा रकाना ती सध्या कोणत्या निर्देशांकात आहे याचा, म्हणजे तिकडून किती विक्री येईल याचा. ३१ जुलैला संध्याकाळी प्रत्येकीचा बंद भाव आणि निर्देशांकाचा आकडा शेजारी टिपून ठेवला, की घोषणेच्या दिवशी हिशेबाला अर्धा तासही लागत नाही, आणि बहुतेक नावांपुढे ‘शिल्लक नाही’ असंच लिहावं लागतं.